नाव एका रात्रीत, क्रमांक तेवीस महिन्यांत
देना आणि विजया या दोन बँका बँक ऑफ बडोदात गेल्या तेव्हा काय राहिले, काय गेले आणि का

१ एप्रिल २०१९ या दिवशी देना बँक आणि विजया बँक ही दोन नावे कायद्याने संपली. त्या दिवसापासून त्यांची प्रत्येक शाखा बँक ऑफ बडोदाची शाखा म्हणून काम करू लागली. पण या शाखांचे जुने आयएफएससी कोड २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत चालत होते. नाव गेल्याची तारीख आणि क्रमांक गेल्याची तारीख यांच्यात २३ महिन्यांचे अंतर आहे.

एक कंपनी दुसरीला घेते तेव्हा चर्चा होते ती नावाची, बोधचिन्हाची आणि रंगाची. या विलीनीकरणाचे आकडे वेगळीच गोष्ट सांगतात. नावाचा निर्णय तुलनेने सोपा होता. कस लागला तो ग्राहकाच्या कागदपत्रांत रुतून बसलेल्या क्रमांकांपाशी. वेवजीसारख्या गावात हा फरक चटकन कळतो. गाव तलासरी तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. उंबरगावची औद्योगिक वसाहत आणि रेल्वे स्थानक हद्दीपलीकडे, गुजरातेत. अशा ठिकाणी राहणाऱ्याचा पगार एका राज्यातून आणि सरकारी अनुदान दुसऱ्या राज्यातून येऊ शकते. दोन्ही शेवटी एकाच पासबुकावर जमा होतात. त्या पासबुकावरचे नाव बदलले की नेमके काय काय बदलते, हे म्हणूनच पाहण्यासारखे आहे.

कोण किती मोठे होते

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०१८ रोजी या तीन बँकांच्या एकत्रीकरणाचा प्रस्ताव जाहीर केला. तेव्हा जून २०१८ अखेरचे आकडे पुढे ठेवले होते. त्यातले कामाचे तेवढे असे:

| | बडोदा | विजया | देना |
|---|---|---|---|
| एकूण व्यवसाय (लाख कोटी रु.) | १०.३० | २.८० | १.७३ |
| शाखा | ५,५०२ | २,१३० | १,८५८ |
| कर्मचारी | ५६,३६१ | १५,८७४ | १३,४४० |
| निव्वळ एनपीए (टक्के) | ५.४० | ४.१० | ११.०४ |
| कासा ठेवींचे प्रमाण (टक्के) | ३५.५२ | २४.९१ | ३९.८० |

एकूण व्यवसाय म्हणजे ठेवी आणि कर्जे यांची बेरीज. निव्वळ एनपीए म्हणजे थकलेल्या कर्जांपैकी तरतूद वजा जाता उरलेला भाग. कासा म्हणजे चालू आणि बचत खात्यांतला पैसा. त्यावर बँकेला व्याज कमी द्यावे लागते किंवा मुळीच द्यावे लागत नाही, म्हणून बँकेसाठी तो सगळ्यात स्वस्त पैसा.

पहिल्या ओळीपुरते पाहिले तर नावाचा प्रश्न उरतच नाही. तिन्ही मिळून १४.८२ लाख कोटींचा व्यवसाय आणि त्यातला सुमारे ७० टक्के एकट्या बडोद्याचा. विजयाचा वाटा १९ टक्के, देनाचा १२ टक्क्यांच्या आत.

दुसऱ्या ओळीत मात्र चित्र पालटते. ९,४९० शाखांपैकी बडोद्याच्या ५८ टक्के आणि बाकी दोघींच्या मिळून ४२ टक्के. म्हणजे जेमतेम ३० टक्के व्यवसायासाठी ४२ टक्के शाखांच्या पाट्या बदलायच्या होत्या. दर शाखेमागे व्यवसाय काढला तर बडोद्याचा सुमारे १८७ कोटी येतो, विजयाचा १३१ आणि देनाचा ९३ कोटी. बडोद्याच्या आकड्यात परदेशातला व्यवसायही धरलेला आहे, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. तरी कल स्पष्ट आहे. घेतलेल्या बँकांच्या शाखा लहान होत्या आणि लहान शाखा म्हणजे लहान खातेदार. नावबदलाचा भार व्यवसायाच्या प्रमाणात पडत नाही, खातेदारांच्या संख्येच्या प्रमाणात पडतो. खात्यात दोन हजार रुपये असोत की दोन कोटी, पासबुक, चेकबुक आणि क्रमांक दोघांनाही नव्यानेच घ्यावे लागतात.

नफ्यातल्या बँकेचे नाव का गेले

२०१७-१८ या आर्थिक वर्षात या तिघींपैकी नफ्यात एकच होती. विजया बँकेने ७२७ कोटी रुपये नफा मिळवला. बडोद्याला २,४३२ कोटींचा तोटा झाला, देनाला १,९२३ कोटींचा. थकीत कर्जांचे प्रमाणही विजयाचेच सर्वांत कमी. १९३१ साली मंगळुरात सुरू झालेल्या या बँकेबद्दल कर्नाटकात आपलेपणा होता आणि नाव जाण्याचे दुःख तिथे उघडपणे बोलले गेले. ती तक्रार समजण्यासारखी आहे. जी बँक नीट चालली तिचीच पाटी उतरावी, हे कोणालाही खटकेल.

पण वर्षाचा नफा आणि नावाचे वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नफा पुढच्या वर्षी फिरू शकतो, आणि इथे फिरलाही. बडोदा बँक २०२२-२३ मध्ये १४,११० कोटींच्या नफ्यावर पोचली. नावाचे वजन ठरते ते किती लोक, किती ठिकाणी, किती वर्षे त्या नावाने व्यवहार करतात यावर. सयाजीराव गायकवाडांनी १९०८ मध्ये स्थापन केलेल्या बँकेचे नाव परदेशातल्या शाखांवरही होते. तिथले परवाने आणि तिथल्या बँकांशी असलेले करार त्याच नावावर होते. ते बदलायचे तर प्रत्येक देशाच्या नियामकाचे दार ठोठावावे लागले असते. सरकारने विलीनीकरणाची कारणे सांगतानाही तिघींकडून काय घ्यायचे हे वेगवेगळे सांगितले होते: बडोद्याचे जागतिक जाळे, विजयाची नफाक्षमता आणि भांडवल, देनाच्या स्वस्त ठेवी.

शेअरच्या अदलाबदलीत हाच हिशेब रुपयांत उतरला. विजयाच्या १,००० शेअरमागे बडोद्याचे ४०२ शेअर मिळाले, देनाच्या १,००० शेअरमागे ११०. विजयाचे मोल भागधारकांना वरच्या दराने चुकते झाले. नावाचा निर्णय त्यापासून वेगळा ठेवला गेला. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. खासगी कंपन्यांत विकणाऱ्या कुटुंबाचा मान राखायचा म्हणून नाव ठेवायचे किंवा घेणाऱ्याची सत्ता दाखवायची म्हणून पुसायचे, असे निर्णय त्यातूनच निघतात.

सगळ्यात आजारी बँकेकडे सगळ्यात चांगले काय होते

तक्त्यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटची आहे. देना बँकेची प्रकृती वाईट होती. मे २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला तातडीच्या सुधारणा कारवाईखाली आणले आणि मे २०१८ मध्ये नवी कर्जे देण्यावर बंदी घातली. अशा बँकेकडून ठेवण्यासारखे काय असणार, असे कोणीही म्हणेल.

पण तिचे कासा प्रमाण ३९.८० टक्के होते, तिघींत सर्वांत जास्त. रुपयांत मांडले तर आणखी उलगडा होतो. देनाच्या एकूण ठेवी सुमारे १.०३ लाख कोटी. त्यांच्या ३९.८० टक्के म्हणजे सुमारे ४१ हजार कोटी रुपये चालू आणि बचत खात्यांत. विजयाच्या ठेवी सुमारे १.५७ लाख कोटी, म्हणजे दीडपट. पण त्यांच्या २४.९१ टक्के काढले तर ३९ हजार कोटी येतात. नफ्यातल्या, मोठ्या बँकेपेक्षा तोट्यातल्या, लहान बँकेकडे चालू आणि बचत खात्यांचा पैसा जास्त होता.

याचा अर्थ असा की देनाचे नाव कर्जाच्या बाजारात मोडले होते, ठेवीदाराच्या घरात ते शाबूत होते. देवकरण नानजींच्या कुटुंबाने १९३८ मध्ये सुरू केलेली ही बँक मुंबई, गुजरात आणि मधल्या पट्ट्यात रुजलेली होती. तिचा बचत खातेदार बुडीत कर्जांचे अहवाल वाचून खाते ठेवत नव्हता. शाखा वाटेवर होती, कारकून ओळखीचा होता, पगार तिथेच जमा होत होता, म्हणून तो टिकून होता. तेव्हा देनाकडून जपायची होती ती खातेदाराची सवय. आणि सवय ज्या गोष्टींवर टिकते त्या नावापेक्षा साध्या असतात: तीच जागा, तोच माणूस, आणि न अडता चालणारा व्यवहार.

आतून एक, बाहेरून तीन

सुरुवातीच्या काळात बडोदा बँकेने जाहिरातींत तिन्ही बँकांची चिन्हे एकत्र दाखवली आणि ‘पॉवर ऑफ थ्री’ अशी मोहीम चालवली. पाहणाऱ्याला हे नुसते सौजन्य वाटेल, पण त्याला व्यावहारिक कारण होते. त्या वेळी तिन्ही बँकांची संगणकप्रणाली जोडली गेली नव्हती. देनाच्या खातेदाराचे खाते देनाच्याच प्रणालीत होते. पाटीवर एकटा बडोद्याचा सूर्य लावला असता तर खातेदार बडोद्याच्या कोणत्याही शाखेत जाऊन आपल्या खात्याचे काम सांगू लागला असता, आणि तिथे ते प्रत्येक वेळी होऊ शकलेच असते असे नाही. नाव जे वचन देते ते आतली यंत्रणा पाळू शकत नसेल, तर जुनी खूण काही काळ राहू देणे हेच प्रामाणिकपणाचे असते.

एक गोष्ट मात्र अनुकूल होती. तिन्ही बँका फिनॅकल याच कोअर बँकिंग प्रणालीवर चालत होत्या. आवृत्त्या आणि रचना वेगळ्या असल्या तरी मूळ पाया एक होता. तरीही काम टप्प्याटप्प्यानेच झाले. विजयाच्या २,१२८ शाखांचे स्थलांतर सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाले, देनाच्या १,७७० शाखांचे डिसेंबर २०२० मध्ये. एकूण ३,८९८ शाखा आणि पाच कोटींहून अधिक खाती. स्थलांतर संपले तेव्हा बँकेच्या देशातल्या शाखा ८,२४८ होत्या. सुरुवातीच्या ९,४९० शी तुलना केली तर सुमारे सव्वाबाराशे शाखा कमी झाल्या. एकाच बाजारपेठेत समोरासमोर आलेल्या शाखा एकत्र करण्याचा तो परिणाम. ज्या खातेदाराची सवय जागेवर टिकून होती, त्याला पाटी बदलल्यापेक्षा शाखा हलल्याचा फटका जास्त बसतो. देनासारख्या बँकेच्या बाबतीत खरी जोखीम इथे होती.

अकरा अक्षरांत उरलेली दोन नावे

आता क्रमांकांकडे वळू. आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. देनाच्या शाखांचे कोड BKDN0 ने सुरू होत, विजयाचे VIJB0 ने. विलीनीकरणानंतर सगळे BARB0 झाले. पण शाखेच्या सहा अक्षरांची सुरुवात देनाच्या शाखांसाठी DB ने आणि विजयाच्या शाखांसाठी VJ ने केली गेली:

```
देना    BKDN0xxxxxx  ->  BARB0DBxxxx
विजया   VIJB0xxxxxx  ->  BARB0VJxxxx
```

आजही अशा शाखेच्या पासबुकावर ही दोन अक्षरे दिसतात. यामागचे कारण तांत्रिक असावे. एका गावात बडोद्याची जुनी शाखा असेल आणि देनाचीही, तर दोघींना गावाच्या नावावरून कोड देताना टक्कर होणार. आधी DB लावले की टक्कर टळते, आणि चुकीच्या शाखेत गेलेला पैसा शोधणेही सोपे होते. दर्शनी भागातून गेलेली नावे यंत्रणेच्या पोटात अशी उपयोगापुरती राहिली.

खातेक्रमांकांचे तसे करता आले नाही. बडोद्याचे खातेक्रमांक १४ अंकी आणि त्यातले पहिले चार अंक शाखेचे. बाहेरून आलेले क्रमांक त्या साच्यात बसत नव्हते, म्हणून खातेदारांना नवे क्रमांक मिळाले. चेकवरच्या नऊ अंकी एमआयसीआर कोडचेही तेच. त्यातले मधले तीन अंक बँकेचे असतात, म्हणून जुनी चेकबुके कधी ना कधी बाद होणारच होती.

एका पासबुकाचा प्रवास

समजा, वेवजीतल्या एका कामगाराचे देना बँकेत बचत खाते आहे आणि तो उंबरगावच्या कारखान्यात कामाला आहे. त्याचा क्रमांक कुठेकुठे लिहिलेला आहे? कारखान्याच्या पगारपत्रकात. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत. विम्याच्या हप्त्याच्या आदेशात. मोटारसायकलच्या कर्जासाठी वित्तसंस्थेला दिलेल्या पुढच्या तारखांच्या चेकमध्ये. मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात. आणि गॅसच्या अनुदानात.

यातले गॅसचे अनुदान सर्वांत कमी अडते. आधारवर आधारित रक्कम खातेक्रमांक किंवा आयएफएससी पाहून जात नाही. कोणत्या आधारमागे कोणती बँक, एवढीच नोंद मध्यवर्ती यंत्रणेत असते आणि बँका एक झाल्या की ती एकगठ्ठा बदलता येते. खातेदाराला काही करावे लागत नाही.

पगाराचे काम मधल्या कष्टाचे. जुन्या कोडवर आलेला पैसा नव्या खात्यात वळवण्याची सोय स्थलांतरानंतरही काही काळ होती, म्हणून पगार थांबत नाही. कारखान्याच्या लेखापालाला मात्र मुदतीच्या आत सगळ्या कामगारांचे नवे क्रमांक भरून घ्यावे लागतात.

सर्वांत अवघड ती क्वचित वापरली जाणारी नोंद. भविष्य निर्वाह निधीचा पैसा माणूस वर्षानुवर्षे काढत नाही. नोकरी सुटली, लग्न निघाले, आजारपण आले की तो अर्ज करतो, आणि नोंदीतला आयएफएससी मेलेला असेल तर दावा परत येतो. १ मार्च २०२१ ला कोड बंद झाला, पण त्याची झळ कोणाला २०२१ मध्ये लागते तर कोणाला त्यानंतर कित्येक वर्षांनी. विलीनीकरणाचा अहवाल लिहिणाऱ्याला हा माणूस दिसत नाही, कारण तोपर्यंत काम पूर्ण झाल्याचे जाहीर झालेले असते.

नवा क्रमांक कळवण्यासाठी बँकेने पत्रे आणि संदेश पाठवले, शिवाय MIGR लिहून जुन्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक एसएमएसने पाठवायची सोय केली. ही सोय नोंदवलेला मोबाइल चालू असणाऱ्यालाच उपयोगी. ज्याचे सिमकार्ड बदलले त्याच्यासाठी शाखेचा काउंटर हाच एक मार्ग उरतो, आणि नेमकी त्याचीच शाखा हललेली असू शकते. असे खातेदार शोधण्याची खूण सोपी आहे: ज्यांच्याकडे पाठवलेला संदेश पोचल्याची नोंद नाही आणि ज्यांच्या खात्यावर बाहेरून पैसा येतो, त्यांची यादी शाखावार काढायची आणि जुना कोड बंद करण्यापूर्वी ती संपवायची.

नाव कधी ठेवावे, कधी नवे करावे

याच बडोदा बँकेच्या घरात उलटे उदाहरणही आहे. नैनीताल बँक ही तिची उपकंपनी. ९८ टक्क्यांहून अधिक हिस्सा बडोद्याकडे होता, तरी नाव, पाटी आणि शाखा नैनीतालच्याच राहिल्या. ती वेगळी कंपनी आहे, तिचा परवाना वेगळा आहे आणि तिची मुळे एका विशिष्ट डोंगरी भागात आहेत. तिथे नाव बदलून बडोद्याला मिळण्यासारखे थोडे होते आणि गमावण्यासारखे बरेच. उलट देना गुजरात ग्रामीण बँक १ एप्रिल २०१९ ला, म्हणजे त्याच दिवशी, बडोदा गुजरात ग्रामीण बँकेत गेली. पुरस्कर्ती बँकच उरली नाही तेव्हा तिचे नाव ग्रामीण बँकेवर ठेवण्यात अर्थ नव्हता.

तिसरा मार्ग व्होडाफोन आणि आयडिया यांनी घेतला. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या एक झाल्या तेव्हा दोघींचे मिळून ४० कोटींहून अधिक ग्राहक होते आणि दोघी आकाराने जवळपास सारख्या. सत्तर आणि तीस असा सरळ हिशेब तिथे नव्हता. दोन्ही नावे सुमारे दोन वर्षे शेजारी शेजारी चालली आणि ७ सप्टेंबर २०२० रोजी ‘व्ही’ हे नवे नाव आले. तोवर ग्राहक २७ कोटींच्या आसपास आले होते. ती घसरण दरयुद्धाची आणि जाळ्यातल्या कमी गुंतवणुकीची, नावाच्या माथी ती मारता येणार नाही. पण एवढे दिसते की नवे नाव जन्माला आले तेव्हा जपायचा ग्राहक बराच निघून गेला होता. मोबाइल ग्राहक क्रमांक तोच ठेवून दुसरीकडे जाऊ शकतो. बँकेच्या खातेदाराला तसे जाता येत नाही, म्हणून बँकेला २३ महिने मिळाले. प्रत्येक धंद्याला तेवढे मिळतील असे नाही.

हिशेब कुठून सुरू करावा

तीन बँकांच्या या अनुभवावरून निर्णयाचा क्रम ठरवता येतो. आधी दोन्हींकडचे प्रत्येक मोल वेगळे मोजावे: नाव कशासाठी ओळखले जाते, ग्राहक कशामुळे टिकला आहे, नफा कुठून येतो. ही तीन उत्तरे एकाच कंपनीकडे असतील असे धरून चालू नये. इथे ती तीन वेगळ्या बँकांकडे होती. मग ग्राहकाच्या हातातल्या कागदांची यादी करावी आणि जो कागद बदलायला सर्वांत जास्त वेळ लागतो त्यावरून शेवटची तारीख ठरवावी. पाटीची तारीख त्यानंतर. बहुतेक ठिकाणी उलटे होते. उद्घाटनाचा दिवस आधी ठरतो आणि क्रमांकांनी त्यामागे धावावे अशी अपेक्षा असते. त्या धावपळीत मागे राहतो तो ज्याचे खाते लहान आणि ज्याच्याकडे चौकशीला वेळ नाही. देनाच्या ४१ हजार कोटींत अशाच लाखो माणसांची बचत होती, आणि सरकारला त्या बँकेकडून हवे होते तेही नेमके हेच.